पदर उलटून पाहताना

पेणच्या गणपतीच्या कारखान्यात कामाची एक उतरंड असते. ती कुठे लिहून लावलेली नसते, पण थोडा वेळ उभं राहिलं की कळते. साच्यातून मूर्ती काढणारे, सांधे घासणारे, अंगाला रंग देणारे, मग पीतांबर आणि शेला रंगवणारे, त्यानंतर दागिन्यांवर सोनेरी फिरवणारे. या सगळ्यांच्या शेवटी, चांगला उजेड येणाऱ्या जागी, डोळ्यांची आखणी करणारा. तिथे फारसं कुणी बोलायलाही जात नाही. "डोळे चुकले की मूर्ती गेली," कारखान्यातले एक जुने कारागीर मला सांगत होते. "पीतांबराच्या काठाचं काय, पुसून पुन्हा मारता येतो."

ते म्हणाले त्यात खोटं काही नव्हतं. शेजारीच एक विशीतला मुलगा पिवळ्या पीतांबराला लाल काठ देत होता आणि त्या काठावर सोनेरी रंगाचे त्रिकोण एकामागून एक टेकवत चालला होता. मनगटाच्या एका झटक्यात एक त्रिकोण. असे का काढतोस विचारल्यावर तो म्हणाला, "पहिल्यापासून असेच काढतात." हल्ली काही मूर्तींना खरं धोतर नेसवतात, फेटाही खराच बांधतात, त्यामुळे त्याचं हे काम थोडं कमी झालंय. पण रंगवलेला पीतांबर अजून संपलेला नाही आणि त्याच्या काठावरचे त्रिकोणही.

हे त्रिकोण म्हणजे जरीकाठाची नक्कल आहे. कुंचल्याला त्रिकोण, वर्तुळ किंवा वेल, सगळं सारखंच सोपं. मागावर तसं नसतं. तिथे प्रत्येक आकाराला किंमत पडते, आणि काही आकार तर मागच ठरवतो. म्हणून कापडावरची नक्षी वाचायची तर ती चित्रासारखी नुसती समोरून वाचून चालत नाही. ती कशी विणली हे पाहावं लागतं, आणि त्यासाठी पदर उलटावा लागतो.

पेणपासून दक्षिणेला तासा-दीड तासावर रोहा. या दोन्ही गावांत रेशीम विणलं जात नाही. इथे रेशीम आलं ते लग्नाच्या बस्त्यातून. पण रोह्यावरून वाहणारी कुंडलिका नदी रेवदंड्याला समुद्राला मिळते, आणि त्या खाडीच्या तोंडाशी चौल आहे. आज चौलला जाणारे लोक दत्ताच्या टेकडीला आणि नारळी-पोफळीच्या वाड्या बघायला जातात. सोळाव्या शतकाच्या अखेरीस डच प्रवासी लिन्शोटेन हिंदुस्थानात होता तेव्हा पोर्तुगीज चौलला लागून असलेल्या हिंदू वस्तीत रेशमाचे माग चालू होते. साटिन, तफ्ता अशी तऱ्हेतऱ्हेची वस्त्रं तिथे विणली जात, कच्चं रेशीम चीनहून येई आणि तयार माल हिंदुस्थानभर जाई, असं त्याने लिहून ठेवलंय. पुढे सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात इंग्रजांनी मुंबई वसवताना चौलच्या विणकरांना बोलावून घेतलं, त्यांना घरं बांधून दिली. 1740 मध्ये चौल मराठ्यांकडे आलं तोवर बंदराचे दिवस सरत आले होते.

चौलच्या रेशमाचा हा सगळा पुरावा शब्दांचा आहे. चौलचं म्हणून खात्रीने दाखवता येईल असं पातळ मी कुठे पाहिलेलं नाही. एवढ्या मोठ्या उद्योगाची आज आपल्याकडे उरलीय ती परक्या माणसाने लिहिलेली मालाची यादी. पोर्तुगीजांच्या चर्चचे पडके बुरूज मात्र उभे आहेत. दगड टिकतो, भिंतीवरचं चित्रही नशीब असेल तर टिकतं. कापड वापरलं जातं आणि वापरताना संपतं. कापडाचा इतिहास लिहिणाऱ्याची पहिली अडचण हीच.

* * *

रोह्यात एका जुन्या घरात मला एक पैठणी बघायला मिळाली. घरातल्या आजींनी ती मलमलच्या फडक्यातून सोडवली आणि म्हणाल्या, "पेशवाईतली आहे हो. आमच्या आजेसासूबाईंना त्यांच्या सासूने घातलेली." नऊवारी, अंगाचा रंग गडद हिरवा, काठ आणि पदर जरीचे. पदराचा एक कोपरा नव्हता. तो कापून कुणा बाळाची कुंची शिवली होती, ती कुंचीही नंतर कुठे गेली ते कुणाला आठवत नाही.

पेशवाई हा शब्द आपल्याकडे जुन्या वस्तूंना फार लवकर चिकटतो. म्हणून आजींची परवानगी घेऊन तो पदर पलंगावर पसरला आणि उलटा केला.

पैठणीचा पदर ज्या पद्धतीने विणतात ती आधी सांगायला हवी. मागावर उभे ताणलेले रेशमी धागे म्हणजे ताणा. आडवा धागा तो बाणा. साध्या कापडात बाण्याचा धोटा एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत सरळ जातो. पैठणीच्या पदरात तसं होत नाही. जमीन जरीची, आणि तिच्यात फुलाची पाकळी लाल, पान हिरवं, देठ पिवळा. यातल्या प्रत्येक रंगाचा धागा आपल्या छोट्याशा तिल्लीवर गुंडाळलेला असतो. तो फक्त आपल्या आकारापुरता जातो, शेजारच्या रंगाच्या धाग्यात अडकतो आणि मागे फिरतो. एका ओळीत असे कितीतरी धागे आपापल्या हद्दीत ये-जा करतात. ती ओळ फणीने ठोकून बसवायची आणि पुढची ओळ घ्यायची. दिवसभरात पदर किती पुढे सरकला हे बोटांनी मोजावं लागतं.

यामुळे दोन गोष्टी होतात. पहिली, पाठीमागे सैल धागे लोंबत नाहीत. नक्षी मागूनही जवळजवळ तशीच दिसते. बनारसीत नक्षीचा जादा धागा जमिनीवरून टाकलेला असतो, तो मागे तरंगताना दिसतो किंवा कापून टाकलेला असतो. यंत्रमागावरच्या 'सेमी पैठणी'चंही तसंच. म्हणून दुकानात पदर उलटून बघणारी बाई दुकानदाराला आवडत नाही. दुसरी गोष्ट अशी की या पद्धतीत खरं वर्तुळ निघत नाही. धागे काटकोनात असल्यामुळे प्रत्येक वळण पायऱ्यापायऱ्यांनी घ्यावं लागतं. बांगडी मोराची बांगडी भिंग लावून पाहिली तर ती अनेक कोन असलेली दिसते. पायऱ्या जितक्या बारीक तितके धागे दाट, आणि तितका विणकराचा वेळ जास्त. चित्रकाराच्या हाताची ओळख रेषेवरून पटते म्हणतात, तशी इथे या पायऱ्यांवरून पटते.

रोह्याच्या पदराची मागची बाजू स्वच्छ होती, म्हणजे तो हातानेच विणलेला होता. पायऱ्या बारीक होत्या. इतपत आजींची बाजू भक्कम.

पदरावर कोयऱ्यांची एक रांग होती. कोयऱ्या उभ्या, शेंडा एका अंगाला झुकलेला, पोटात बारीक फुलं. खाली लहान आसावलीची ओळ. आता कोयरी हा आकार आपण सनातन समजतो, रांगोळीपासून मेंदीपर्यंत तो सगळीकडे असतो म्हणून. कापडावरची कोयरी मात्र आपला जन्मदाखला घेऊन फिरते. जहांगीर 1620 मध्ये काश्मीरला गेला आणि त्याच्या उस्ताद मन्सूर या चित्रकाराने तिथल्या फुलांची चित्रं काढली. त्यानंतर मोगल कलेत एक एकटं उभं झाड, मुळापासून फुलापर्यंत, सगळीकडे दिसू लागतं: पोथीच्या हाशियात, ताजमहालाच्या दगडात, गालिच्यांत आणि शालींत. काश्मिरी शालीवर तेच झाड सतराव्या शतकात मोकळं आहे. अठराव्या शतकात त्याची पानंफुलं दाटत जातात, शेंडा वाकतो. एकोणिसाव्या शतकात झाडाची आठवण पुसट होऊन वाकलेल्या शंकूचा ठसठशीत आकार उरतो. शालींच्या अभ्यासकांनी हा प्रवास इतका बारकाईने मांडलाय की नुसत्या आकारावरून शालीचा काळ अदमासाने सांगता येतो.

पैठणपासून पन्नासेक किलोमीटरवर औरंगाबाद. औरंगजेबाने दख्खनचा कारभार तिथून हाकला, 1660 च्या सुमारास बीबी का मकबरा तिथे उभा राहिला, त्यावरही हीच फुलझाडं आहेत. ती मागावर चढायला लांबून येण्याची गरज नव्हती. पैठणीवरच्या आसावलीत आणि कोयरीत मोगल बागेची ही सावली स्पष्ट आहे. याचा अर्थ पैठणी मोगलांनी आणली असा होत नाही. विणण्याची रीत एक गोष्ट आणि तिच्यावरची नक्षी दुसरी. दोन्ही एकाच वेळी जन्मल्या असं धरून चाललं की गोंधळ सुरू होतो.

रोह्याची कोयरी वाकलेली, भरगच्च, झाडाची आठवण जवळजवळ विसरलेली. म्हणजे ती अठराव्या शतकाच्या फार आधीची असू शकत नाही. अशा पुराव्याची मर्यादा इथे लक्षात घ्यायला हवी. नक्षी सांगते ते फक्त 'याच्या आधीची नाही' एवढं. 'याच्या नंतरची नाही' हे ती कधीच सांगत नाही, कारण आवडलेली नक्षी विणकर दोनशे वर्षं विणू शकतो, आणि विणतोही.

मग उरला रंग. पदरावरच्या फुलांत एक भडक गुलाबी होता, राणी कलर म्हणतो तसा. पदराच्या घडीतल्या भागात तो अजून झगझगीत होता, बाहेर राहिलेल्या भागात फिका पडून पिवळट झालेला. लाखेचा किंवा मंजिष्ठेचा लाल इतक्या लवकर असा उतरत नाही. पहिला कृत्रिम रंग इंग्लंडमध्ये 1856 ला तयार झाला, तो जांभळा. भडक किरमिजी-गुलाबी 1859 मध्ये आला. हिंदुस्थानच्या बाजारात हे रंग पसरले ते त्यानंतरच्या दशकांत. तो गुलाबी जर खरोखरच कृत्रिम असेल, आणि प्रयोगशाळेत एका धाग्यावरून ते नक्की करता येतं, तर पेशवाई संपून निदान चाळीसेक वर्षं उलटल्यावर हा पदर विणला गेला.

घरात आणखी एक कागद होता, त्याच आजेसासूबाईंच्या थोरल्या मुलाची जन्मपत्रिका, शके 1817 ची. म्हणजे इसवी सन 1895. पैठणी लग्नातली असेल तर ती त्याच्या काही वर्षं आधीची. रंग आणि पत्रिका एकमेकांना धरून आहेत. मी आजींना सांगितलं की ही सव्वाशे-दीडशे वर्षांची असावी. त्यांनी पदर माझ्या हातातून घेतला, घडी घातली आणि म्हणाल्या, "असेल हो. पण आमच्याकडे पेशवाईतलीच म्हणतात." यावर काय बोलणार?

* * *

पैठणीच्या बाबतीत जुनेपणाची ही हौस घरापुरती नाही. दुकानांच्या पाट्यांवर, जाहिरातींत, पुस्तकांतसुद्धा 'दोन हजार वर्षांची परंपरा' असं असतं आणि त्याला आधार म्हणून पेरिप्लसचं नाव घेतलं जातं. पहिल्या शतकातल्या एका ग्रीक भाषक व्यापाऱ्याने लिहिलेली ही समुद्रप्रवासाची वही. तिच्यात पैठण आहे हे खरं. चौलही आहे, सेमिल्ला या नावाने. पण ती वही काय म्हणते ते बघितलं तर पैठणहून भडोचला गाड्यांवरून जात होते ते अकीकासारखे दगड. कापड जात होतं ते तगरहून, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यातल्या तेरहून: साधं कापड, मलमल वगैरे. रेशमी जरीचं वस्त्र पैठणच्या खात्यावर त्या उल्लेखात नाही. तेव्हा पैठणला रेशीम विणत नव्हते असं यातून सिद्ध होत नाही. पण ज्या पुराव्याचं नाव आपण घेतो तो आपण म्हणतो ते सांगत नाही, हे निदान मान्य करायला हवं.

दुसरा दाखला अजिंठ्याचा. अजिंठ्याच्या पाचव्या शतकातल्या चित्रांत कापडं अप्रतिम आहेत: पट्टे, ठिपके, हंसांच्या ओळी, अंगाला चिकटणारी तलम वस्त्रं. पैठणीवरच्या कमळांना 'अजिंठ्याचं कमळ' म्हणतात आणि त्यावरून परंपरा थेट लेण्यांपर्यंत नेतात. यात अडचण अशी की चित्रातलं कापड विणलेलं आहे, बांधणीचं आहे की ठशाचं, हे चित्र सांगू शकत नाही. चित्रकाराने पृष्ठभाग रंगवला, मागची बाजू नाही. पेणच्या त्या मुलाने पीतांबरावर काढलेले त्रिकोण दीड हजार वर्षांनी कुणाला सापडले तर पेणला जरीकाठ विणत होते असं अनुमान निघू शकेल, तसंच हे.

याहून गमतीची गोष्ट म्हणजे अजिंठ्याची नक्षी कापडावर येण्याचा एक अगदी अलीकडचा रस्ताही आहे. मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टचे ग्रिफिथ्स यांनी 1872 पासून पुढे दहा-बारा वर्षं आपल्या विद्यार्थ्यांना अजिंठ्यात नेऊन चित्रांच्या नकला करवल्या. त्यातल्या बऱ्याचशा लंडनमध्ये 1885 च्या आगीत जळाल्या, पण 1896-97 मध्ये दोन मोठे ग्रंथ छापले गेले आणि छतांवरची कमळं, हंस, वेली कागदावर आल्या. पुढच्या पिढ्यांच्या रेखाटनकारांना लेण्यांत जाऊन मान मोडून वर बघायची गरज उरली नाही. तेव्हा विसाव्या शतकातल्या पैठणीवर अजिंठ्याचं कमळ दिसलं तर ते लेण्यातून आलंय की पुस्तकातून, हा प्रश्न विचारावाच लागतो. परंपरेने आलेली नक्षी सहसा मागाच्या सोयीने झिजलेली असते, कोन धारदार झालेले असतात, पाकळ्या मोजक्या होतात. पुस्तकातून उतरलेली नक्षी चित्राशी इमान राखायला धडपडते, नको तिथे गोलाई आणायला बघते. खात्रीचा नसला तरी हा उपयोगी फरक आहे.

कापड आपला काळ आपण सांगू शकतं याचं सर्वांत चांगलं उदाहरण आपल्या समुद्रापलीकडचं आहे. कैरोजवळच्या फुस्तातच्या ढिगाऱ्यांत गुजरातेत छापलेल्या सुती कापडांचे हजारो तुकडे निघाले. सुरुवातीला अभ्यासकांनी त्यांचा काळ ठरवला तो गुजरातच्या इमारतींवरचं कोरीवकाम आणि जैन पोथ्यांतली चित्रं शेजारी ठेवून. म्हणजे वरच्या पायरीवरच्या कलेने खालच्या पायरीवरच्या कलेला वय दिलं. पुढे ऑक्सफर्डच्या ॲश्मोलियन संग्रहालयातल्या तुकड्यांवर रूथ बार्न्स यांनी काम केलं, काहींची कार्बन पद्धतीने तपासणी झाली, आणि काही तुकडे मानले जात होते त्यापेक्षा काही शतकं जुने निघाले. ज्या पोथ्यांवरून त्यांचं वय ठरवायचं त्यांच्याही आधीचे! नक्षी आधी कापडावर होती, पोथीत नंतर आली, ही शक्यता तोवर कुणी फारशी गांभीर्याने घेतली नव्हती.

* * *

इथे मूळ प्रश्नाशी यावं लागतं. चित्र वर आणि कापड खाली, हे कुणी ठरवलं?

हे सगळीकडे आणि नेहमीच असं नव्हतं. पैठणीच्या पदराची विणण्याची जी रीत, तिचाच भाऊबंद म्हणजे युरोपातली टॅपेस्ट्री. 1515 च्या सुमारास पोप लिओ दहावा याने सिस्टिन चॅपेलसाठी टॅपेस्ट्र्या करवल्या. त्यांची रंगीत रेखाटनं राफाएलने केली, विणकाम ब्रुसेल्सच्या विणकरांनी. राफाएलला मिळालेल्या रकमेच्या कितीतरी पट पैसे विणकामाला लागले. त्या काळच्या दरबारात भिंतीवरच्या विणलेल्या वस्त्रापुढे रंगवलेली भिंत ही स्वस्तातली सोय होती. आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात राफाएलची ती कागदावरची रेखाटनं स्वतंत्र दालनात आहेत, आणि विणकरांची नावं विचारली तर एका कारखानदाराचं नाव सांगतात.

मधल्या काळात काय झालं याचं एक उत्तर मला पटतं. पंधराव्या शतकातल्या इटलीत चित्राचा करार होई तेव्हा सोनं किती आणि महाग निळा रंग किती वापरायचा हे त्यात लिहिलेलं असे. चित्राची किंमत त्यातल्या मालावर ठरत होती. हळूहळू करारांत मालाऐवजी चित्रकाराच्या स्वतःच्या हाताचा उल्लेख येऊ लागला. 1563 मध्ये फ्लॉरेन्सला चित्रकार, शिल्पकार आणि वास्तुकारांची वेगळी अकादमी निघाली, त्यांनी कारागिरांच्या संघांपासून आपली चूल वेगळी केली. चित्रकार मालाच्या हिशेबातून सुटला. विणकर सुटला नाही. पैठणीत जर किती तोळे हा प्रश्न आपण अजून विचारतो. हुसेन यांच्या चित्रात रंग किती किलो, असं कुणी विचारत नाही.

आपल्याकडे ही उतरंड आली ती शाळेच्या आणि संग्रहालयाच्या दारातून. त्यात एका माणसाचं नाव घ्यायलाच हवं. जॉर्ज बर्डवूड, जन्म बेळगावचा, 1832 चा. मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात प्राध्यापक होता, भायखळ्याच्या आजच्या भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या उभारणीत त्याचा मोठा हात. 1880 मध्ये त्याने हिंदुस्थानच्या कारागिरीवर मोठा ग्रंथ लिहिला. आपल्या कापडाचं, जरीचं, भांड्यांचं त्याने केलेलं कौतुक वाचून आजही बरं वाटतं. आणि हाच माणूस 1910 मध्ये लंडनच्या सभेत म्हणाला की हिंदुस्थानात ललित कला म्हणून काही नाही. एका बुद्धमूर्तीला त्याने चरबी घालून उकडलेल्या पुडिंगची उपमा दिली. कौतुक आणि तुच्छता एकाच तोंडातून, कारण त्याच्या लेखी दोन्ही एकच गोष्ट होती: हे लोक हाताने छान करतात, डोक्याने नाही.

त्यावर गदारोळ झाला. कलाशिक्षक हॅवेल आणि त्यांच्या बाजूचे लोक पुढे आले, हिंदुस्थानला थोर चित्रकला आणि शिल्पकला आहे हे त्यांनी हिरिरीने मांडलं आणि ती बाजू जिंकली. अजिंठा जगाच्या नकाशावर गेला. पण वाद जिंकताना शिडी मात्र बर्डवूडचीच राहिली. आमचं चित्रही वरच्या पायरीवर बसतं, एवढंच सिद्ध झालं. खालची पायरी का खाली, हे विचारायचं राहून गेलं. आनंद कुमारस्वामींसारख्या एखाद्याने विचारलं, पण कला महाविद्यालयांत चित्रकला एका खात्यात आणि वस्त्रकला दुसऱ्या खात्यात, हे आजही तसंच आहे. युरोपात आधुनिक समजल्या गेलेल्या बाउहाउस शाळेतही मुलींना बहुतेक करून विणकामाच्या विभागातच पाठवलं गेलं. म्हणजे यात जात आहे, बाईपणही आहे. आपल्याकडे कोष्टी, साळी, खत्री यांचं काम म्हणून विणणं हलकं, आणि नेसणं बायकांचं म्हणून तो विषयच हलका.

एक कारण मात्र पूर्वग्रहाचं नाही, ते रेशमाचं आहे. प्रकाशाने रेशीम विरतं आणि रंग उडतो. संग्रहालयात जुन्या वस्त्रावर साधारण पन्नास लक्सच्या वर उजेड टाकत नाहीत, तैलचित्राला त्याच्या तीन-चार पट चालतो. शिवाय वस्त्र काही महिन्यांनी उतरवून पुन्हा अंधारात ठेवावं लागतं. त्यामुळे तैलचित्र पिढ्यान्पिढ्या एकाच भिंतीवर राहतं, शाळेच्या सहलीत सगळी मुलं बघतात, पुस्तकात छापलं जातं, 'प्रसिद्ध' होतं. पैठणी मंद उजेडात चार महिने दिसते आणि गुंडाळून जाते. जे दिसत नाही ते मोठं कसं वाटणार?

आणि जे घरात असतं ते तर त्याहून कमी टिकतं. रोह्यातच दुसऱ्या एका घरी मला सांगितलं की त्यांच्याकडे दोन पैठण्या होत्या. 1980 साली चांदी कडाडली तेव्हा जुनी जर घेणारा दारावर आला, कापड जाळून चांदी वजन करून पैसे देऊन गेला. "तेव्हा त्या विरल्याच होत्या, नेसणार कोण?" घरच्या काकू म्हणाल्या. त्यांना दोष द्यायची माझी हिंमत नाही. खऱ्या जरीत रेशमाच्या धाग्यावर चांदीची चपटी तार आणि वर सोन्याचा मुलामा, त्यामुळे पैठणी म्हणजे घरातली बँकच होती. गरजेला मोडायचीच वस्तू. फक्त त्या भट्टीत चांदीबरोबर आणखी काय गेलं, ते त्यांना कुणी कधी सांगितलं नव्हतं. कोणत्या रंगाची, कोणत्या नक्षीची होती, विचारलं तर काकूंना एकीचा रंग आठवला, अंजिरी. दुसरीचा नाही.

चित्रं जळत नाहीत असं नाही, ग्रिफिथ्सच्या नकला जळाल्याच. पण त्यांची यादी शिल्लक आहे. पैठण्यांची यादी कुणी केलेली नाही, आणि ती सरकार किंवा संग्रहालय करू शकणार नाही, कारण त्या कपाटांत आणि पेट्यांत आहेत, पेणला, रोह्याला, आणि हा अंक वाचणाऱ्यांच्या घरी. त्यासाठी फार काही करावं लागत नाही. नवरात्रात किंवा संक्रांतीला पेटी उघडाल तेव्हा घडी बदला, एकाच घडीवर वर्षानुवर्षं राहिली की जर तिथेच तुटते. प्लास्टिकच्या पिशवीतून काढून धुतलेल्या सुती कापडात ठेवा. डांबरगोळ्या जरीला लागू देऊ नका. एका कागदावर पेन्सिलने लिहा: कुणाची, कुणी कधी घेतली, कुठून आणली, किती दिली, जेवढं माहीत असेल तेवढं. 'पेशवाईतली' असं नुसतं लिहू नका, असं कोण म्हणालं तेही लिहा. आणि ती विकायची, कापायची किंवा जरीवाल्याला द्यायची वेळ आलीच, तर त्याआधी दिवसाच्या उजेडात पदराचे दोन फोटो काढून ठेवा, एक सुलट बाजूचा आणि एक उलट.